आधी खोकी मोजा, मग कागद दुरुस्त करा

परदेशातून माल मागवणाऱ्या छोट्या कारखानदाराकडे माल निघण्याच्या चार-पाच दिवस आधी तीन कागद येतात: इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगचा मसुदा. इन्व्हॉइस तो डोळ्यांत तेल घालून वाचतो, कारण त्यात पैसे असतात. पॅकिंग लिस्टवरून मात्र नुसती नजर फिरते. तिच्यात दर नसतो, रक्कम नसते. फक्त खोक्यांचे नंबर, नगांची संख्या, वजनं आणि मापं. पण न्हावाशेवाला कस्टम्सचा अधिकारी खोकी उघडायला सांगतो तेव्हा कुठल्या खोक्यात काय आहे, हे सांगणारा हा एकच कागद असतो. त्यात चूक दिसली, तर माल निघण्याआधी पुरवठादाराला मेल करून ती दुरुस्त करून घ्यावी लागते. हा मेल साधा वाटतो, पण चुकीच्या पद्धतीने लिहिला तर खरी अडचण झाकली जाते.

एक नमुन्याचं उदाहरण घेऊ. भोसरीतला एक पंप बनवणारा चीनमधून बॉल व्हॉल्व्ह मागवतो. माल निंगबो बंदरातून निघणार आहे. ऑर्डर तीन मापांची आहे: एक इंचाचे २४०० नग, दोन इंचाचे ८०० आणि अर्ध्या इंचाचे ३०००. पॅकिंग लिस्ट आली ती अशी:

एक इंच: खोकी १ ते ६०, एकूण ६० खोकी, २४०० नग, नेट वजन १४४० किलो, ग्रॉस १५०० किलो.
दोन इंच: खोकी ६१ ते १४०, एकूण ८० खोकी, ८०० नग, नेट १७६० किलो, ग्रॉस १६८० किलो.
अर्धा इंच: खोकी १४१ ते १८०, एकूण ५० खोकी, ३००० नग, नेट ७५० किलो, ग्रॉस ८०० किलो.
एकूण: १९० खोकी, नेट ३८७० किलो, ग्रॉस ४०६० किलो.

नगांची संख्या इन्व्हॉइसशी तंतोतंत जुळते. घाईतला माणूस इथेच ‘ठीक आहे’ म्हणून मोकळा होतो. पण पॅकिंग लिस्ट इन्व्हॉइसशी ताडून पाहण्याआधी तिची तिच्याशीच ताडणी करायची असते. ओळ आडवी वाचायची, रकाना उभा वाचायचा.

दुसरी ओळ आडवी वाचली की पहिली चूक दिसते. नेट म्हणजे नुसत्या मालाचं वजन आणि ग्रॉस म्हणजे खोक्यासकट वजन. नेट ग्रॉसपेक्षा जास्त असूच शकत नाही. इथे १७६० आणि १६८० या आकड्यांची अदलाबदल झाली आहे. पुरावा उभ्या रकान्यात आहे. नेटच्या रकान्याची छापल्याप्रमाणे बेरीज केली तर ३९५० येते, पण खाली ३८७० लिहिलंय. दोन आकडे आपापल्या जागी ठेवले की बेरीज बरोबर ३८७० होते. म्हणजे ही निव्वळ टंकनाची चूक आहे आणि तिचं उत्तर यादीतच आहे.

दुसरी चूक बिल ऑफ लेडिंगचा मसुदा शेजारी ठेवल्यावर कळते. त्यात ‘१० पॅलेट, ४२१० किलो’ असं आहे. पॅकिंग लिस्टमध्ये पॅलेटचा उल्लेखच नाही आणि ग्रॉस वजन ४०६० आहे. फरक १५० किलोंचा, म्हणजे दर पॅलेटमागे १५ किलो. लाकडी पॅलेटचं वजन धरायचं राहून गेलं, हे उघड आहे. ही चूक नेहमीची, कारण पॅकिंग लिस्ट कारखान्यात खोकी भरताना बनते आणि पॅलेट बांधले जातात नंतर. मात्र कस्टम्सकडे जहाज कंपनीमार्फत १० नगांची नोंद जाते आणि आपल्या कागदावर १९० असतात. ‘१० पॅलेटवर १९० खोकी’ असं दोन्हीकडे लिहिलेलं नसेल, तर हमखास विचारणा होते.

तिसरी चूक सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात बारीक. अर्ध्या इंचाची खोकी १४१ ते १८० आहेत. ती मोजली तर ४० भरतात, पण शेजारच्या रकान्यात ५० लिहिलंय. एका खोक्यात ६० नग. ५० खोकी असतील तर ३००० नग होतात, ४० असतील तर फक्त २४००. वजन काय सांगतं? एका खोक्यात १५ किलो माल, म्हणजे ७५० किलो वजन ५० खोक्यांशी जुळतं. म्हणून ‘१८० नव्हे, १९० लिहायचं होतं’ असं वाटतं. पण हे वजन कोणी काट्यावर घेतलंय, की एका खोक्याचं वजन गुणिले ५० असं संगणकाने काढलंय? बहुतेक वेळा दुसरंच. ऑर्डरचा आकडा सूत्रातून वजनात उतरतो. खोक्यांचे नंबर मात्र बहुधा तो माणूस लिहितो, ज्याने खोक्यांवर शिक्के मारलेत. म्हणजे इथे कागद चुकलाय की दहा खोकी भरायचीच राहिलीत, हे भोसरीत बसून कळणं शक्य नाही.

मेलची भाषा महत्त्वाची ठरते ती इथे. ‘तुमची पॅकिंग लिस्ट इन्व्हॉइसशी जुळत नाही, कृपया जुळवून पाठवा’ असं लिहिलं, तर पुरवठादाराच्या ऑफिसातला माणूस दोन मिनिटांत १८० चं १९० करून पाठवतो. कागद स्वच्छ होतो. खोकी कमी असतील तर ती कमीच राहतात, फक्त ते सांगणारी एकमेव खूण आपणच पुसून घेतलेली असते. म्हणून ज्या चुकीचं उत्तर कागदातच आहे, तिची दुरुस्ती मागायची. ज्या चुकीचं उत्तर गोदामात आहे, तिथे आधी मोजणी मागायची.

प्रत्यक्षात हा मेल इंग्रजीत जातो. समोरच्याचीही ती शिकलेली भाषा असते, म्हणून वाक्यं छोटी ठेवायची आणि एका मुद्द्यात एकच चूक मांडायची. मराठीत त्याचा ऐवज असा:

‘विषय: ऑर्डर क्र. ०१४७, पॅकिंग लिस्टमध्ये तीन चुका, माल रवाना करण्याआधी दुरुस्त प्रत हवी.

नमस्कार. काल आलेली पॅकिंग लिस्ट तपासली. पुढील तीन मुद्दे पाहावेत.

१. ओळ ३, खोकी १४१ ते १८०: नंबरांप्रमाणे ४० खोकी होतात, यादीत ५० लिहिली आहेत. कृपया गोदामात प्रत्यक्ष मोजावीत. अर्ध्या इंचाची खोकी किती भरली आहेत ते कळवावं आणि पहिल्या व शेवटच्या खोक्याच्या नंबराचे फोटो पाठवावेत. मोजणी होईपर्यंत आकडा बदलू नये.

२. ओळ २: नेट १७६० आणि ग्रॉस १६८० असं छापलं आहे. हे आकडे उलटे झाले असावेत. खात्री करून दुरुस्त करावेत.

३. एकूण ग्रॉस ४०६० किलो आहे, बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यात ४२१० आहे. पॅलेटची संख्या आणि वजन यादीत वेगळं दाखवावं.

दुरुस्त यादीवर ‘सुधारित १’ आणि नवी तारीख असावी, सही-शिक्का असावा. बुधवारी निंगबोच्या वेळेनुसार संध्याकाळी ५ पर्यंत ती मिळावी. तोवर माल फॉरवर्डरच्या गोदामात देऊ नये. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा आम्ही अजून मंजूर केलेला नाही.’

गोदामात जायला लावणारा मुद्दा यात पहिला ठेवलाय, कारण त्यालाच वेळ लागतो. तो शेवटी लिहिला तर सोप्या दोन दुरुस्त्या करून उत्तर येतं आणि तिसरा मुद्दा लोंबकळत राहतो. वेळ निंगबोची दिली आहे, कारण चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. आपल्या पाचला तिथे ऑफिस बंद झालेलं असतं. बुधवार ठरवताना जहाज सुटण्याची तारीख धरायची नाही. बिल ऑफ लेडिंगचा तपशील आणि वजन जहाज कंपनीला द्यायची मुदत त्याच्या काही दिवस आधीच संपते. ती फॉरवर्डरकडून विचारून घ्यायची आणि तिच्या एक दिवस आधीची वेळ मागायची.

उत्तर कसं आलं, यावरूनही बरंच कळतं. दहा मिनिटांत स्वच्छ यादी आली आणि फोटो नाहीत, तर कोणी मोजलेलं नाही. समजा, दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: खोकी ४०च आहेत, दहा खोक्यांचा माल अजून जुळणीत आहे. आता दोन वाटा उरतात. वेळ असेल तर थांबायचं. नसेल तर १८० खोकीच पाठवायला सांगायची, पण मग नुसती पॅकिंग लिस्ट बदलून भागत नाही. नग २४००, त्या ओळीचं नेट ६०० किलो, एकूण नेट ३७२० आणि पॅलेटसह ग्रॉस ४०५० किलो होतं. इन्व्हॉइसची रक्कम आणि बिल ऑफ लेडिंगचं वजनही त्याच दिवशी बदलून घ्यावं लागतं. सुधारित यादी आली की ती पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासायची. एक आकडा सुधारताना दुसरा हलणं अगदी नेहमीचं आहे. जुनी यादी रद्द झाल्याचं फॉरवर्डर आणि क्लिअरिंग एजंट या दोघांनाही लेखी कळवायचं, नाहीतर एकाच मालाच्या दोन याद्या कस्टम्ससमोर जातात.

हे सगळं आधीच का करायचं, ‘माल आल्यावर बघू’ का म्हणायचं नाही, याचं उत्तर सीमाशुल्क कायद्याच्या कलम १४९ मध्ये आहे. कस्टम्सकडे दाखल केलेल्या कागदात दुरुस्ती मागता येते, ती मान्य करणं अधिकाऱ्याच्या हातात असतं. माल सुटल्यानंतर मात्र, तो सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदपत्रांच्या आधारेच दुरुस्ती होऊ शकते. माल कारखान्यात उघडल्यावर ६०० नग कमी निघाले आणि पुरवठादाराने भलेपणाने नवी यादी करून पाठवली, तरी तिचा आधार घेता येत नाही. शुल्क ३००० नगांवर भरलेलं असतं. विमा कंपनीही विचारते की माल वाटेत हरवला की चढलाच नव्हता. यादी ‘३००० चढले’ म्हणत असेल आणि खोकी शाबूत असतील, तर दावा टिकणं कठीण. उलट प्रकारही असतो. कागदापेक्षा माल जास्त निघाला, तर जाहीर न केलेला माल म्हणून कलम १११ खाली जप्तीची कारवाई होऊ शकते आणि पुरवठादाराचा निष्काळजीपणा आयातदाराला निस्तरावा लागतो.

आयातदाराच्या हातात जोर असतो तो माल निघेपर्यंत. अशा व्यवहारात बहुधा ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के कागदपत्रांची प्रत पाहून द्यायचे ठरलेले असतात. त्या ७० टक्क्यांची मंजुरी आणि बिल ऑफ लेडिंगच्या मसुद्यावरचा होकार, या दोन गोष्टी सुधारित यादी तपासून होईपर्यंत द्यायच्या नाहीत. ती यादी, खोक्यांचे फोटो आणि मेलची साखळी ऑर्डरच्या फाइलमध्ये एकत्र ठेवायची. पुढे नग कमी पडल्याचा वाद निघालाच, तर माल चढण्याआधी काय मोजलं गेलं आणि कोणी कळवलं, याचा तारखेसह पुरावा तोच असतो.