किर्दीतली एक ओळ, सीएसव्हीत तीन

गावच्या सोसायटीची किर्द कुणीतरी जशीच्या तशी टाइप करून देतं: ‘ता. ५/४/२४ सभासद क्र. ११२ कडून शेअर्स ५००/-, कर्ज मुद्दल २,०००/-, व्याज १८०/- रोख जमा, पा. क्र. ४७.’ पावती एकच, पण खाती तीन. मुद्दलाने कर्जाची बाकी उतरते, व्याज मात्र संस्थेचं उत्पन्न. दोन्ही एका ओळीत कोंबले, तर सभासदाची बाकी १८० रुपयांनी कमी दिसते. म्हणून:

```
तारीख,पावती,सभासद,खाते,जमा,नावे
2024-04-05,47,112,शेअर्स,500,0
2024-04-05,47,112,कर्ज मुद्दल,2000,0
2024-04-05,47,112,कर्ज व्याज,180,0
```

‘२,०००’मधला स्वल्पविराम आधी काढायचा, कारण सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे नवा रकाना, दोन हजारांचे दोन रुपये होतात. ‘/-’ही काढायचं. तारीख वर्षापासून लिहिली की ५ एप्रिलचा ४ मे होत नाही. ‘सदर’ लिहिलेल्या जागी मात्र वरचं नाव पुन्हा भरावंच लागतं.

मग रोजचा ताळा: आरंभीची शिल्लक अधिक जमा, वजा नावे, बरोबर अखेरची शिल्लक. फरक नऊने भागला गेला, तर आधी ५४०च्या जागी ४५० असे उलटलेले आकडे शोधावेत. ताळा जुळूनही रक्कम चुकीच्या खात्यात असू शकते. ते पावतीच सांगते.