शनिवार-रविवारची गोळी

आपल्याकडे हृदयविकाराच्या काही रुग्णांना ‘डिजॉक्सिनची गोळी आठवड्यातून पाचच दिवस घ्या’ असे सांगण्याची पद्धत रूढ आहे. औषध अंगात साठून विषबाधा होऊ नये, हा त्यामागचा विचार. तो कितपत बरोबर आहे? कोल्हापुरात काही शिक्षकांबरोबर आम्ही हे पाण्याने करून पाहिले.

मूत्रपिंडे निरोगी असतील तर शरीरातल्या डिजॉक्सिनचा साधारण एक तृतीयांश भाग दिवसभरात बाहेर पडतो. ठराविक मिलिग्रॅम नव्हे, तर जेवढे असेल त्याचा एक तृतीयांश. रक्तात औषध जास्त, तर मूत्रपिंडांतून जाणारेही जास्त.

एक गोळी म्हणजे ९० मिलिलिटर पाणी समजू. रिकाम्या भांड्यात ९० ओता. दुसऱ्या दिवशी तिसरा हिस्सा काढला की ६० उरतात. पुन्हा ९० घातले की १५० होतात. पुढे १९०, २१७, २३४. वाढ दररोज कमी होत जाते. पाणी २७० झाले की त्याचा तिसरा हिस्सा बरोबर ९० भरतो. जेवढे येते तेवढेच जाते. पातळी तेथे स्थिरावते. म्हणजे,

स्थिर साठा = रोजची मात्रा ÷ रोज बाहेर जाणारा अंश

निरोगी मूत्रपिंडे असताना साठा तीन गोळ्यांपुढे जात नाही. मग सुट्टीने काय साधते? सोमवार ते शुक्रवार गोळी घेऊन हाच हिशेब काही आठवडे चालवा. शुक्रवारी गोळी घेतल्यावर २४९ असलेले पाणी सोमवारी सकाळी ७४ वर येते. रोज गोळी घेणाऱ्याच्या भांड्यात गोळीपूर्वी १८० असतात. सुट्टीमुळे शुक्रवारची पातळी फारशी उतरत नाही, पण सोमवारी औषध अपुरे पडू शकते.

खरा धोका दुसरीकडे आहे. मूत्रपिंडे निकामी होत आली, तर दिवसाला फक्त सातवा हिस्सा बाहेर जातो असे धरू. तीच गोळी, पण आता स्थिर साठा ९० × ७ = ६३०! शिवाय तेथे पोहोचायला सुमारे तीन आठवडे लागतात. कारण स्थिर पातळीच्या जवळ जायला चार-पाच अर्धायुष्ये लागतात आणि येथे अर्धायुष्य साडेचार दिवसांचे झालेले असते. म्हणून पहिल्या काही दिवसांत सारे ठीक दिसू शकते. मळमळ, अन्नावरची वासना जाणे, मंद नाडी, पिवळसर दिसणे ही लक्षणे नंतर उमटू शकतात. येथे इलाज शनिवार-रविवारची सुट्टी नव्हे, तर रोजची मात्रा कमी करणे. म्हणूनच डॉक्टर वृद्ध रुग्णाचे क्रिएटिनीन तपासतात.

आमचे भांडे अर्थात सोपे आहे. औषध रक्तातून स्नायूंत पसरायला लागणारे तास त्यात धरलेले नाहीत. शिवाय फेनिटॉइनसारख्या औषधाला हा नियम लागू पडत नाही. ते मोडणारी यकृतातली विकरे भरून गेली की बाहेर जाण्याचा वेग वाढतच नाही. आणि हा हिशेब समजून घेण्यासाठी आहे. गोळी बदलणे किंवा बंद करणे डॉक्टरांनाच विचारून करावे.

वर्गात मुलांना तिसऱ्याऐवजी सातवा हिस्सा काढायला सांगा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढून घ्या. पहिले दोन दिवस ते किती जवळून चालतात आणि नंतर कसे दूर जातात, हे मुद्दाम पाहायला लावा.