होकार कळवण्याआधीचा मेल

फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने निवडलेल्या काही नवपदवीधरांना एक मेल आला. त्यांना वर्षाला साडेसहा लाख रुपयांच्या पगाराची नोकरी देऊ केलेली होती, आणि आता साडेतीन लाखांची जागा उपलब्ध आहे, ती चालेल का, अशी विचारणा त्या मेलमध्ये होती. आयटी कर्मचाऱ्यांच्या ‘नाइट्स’ या पुण्यातल्या संघटनेने त्यावर जाहीर आक्षेप घेतला. पुढच्याच वर्षी हीच संघटना केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे गेली, ती इन्फोसिसने निवडलेल्या सुमारे दोन हजार तरुणांचे गाऱ्हाणे घेऊन. ऑफर लेटर २०२२ चे, पण रुजू होण्याची तारीख काही उजाडत नव्हती.

एका प्रकरणात पगाराचा आकडा हलला, दुसऱ्यात तारीख. मोठ्या, नावाजलेल्या कंपन्यांत हे घडले. तरीही ऑफरला होकार देणारा मेल बहुतेक जण दोन ओळींत उरकतात. ‘मनःपूर्वक आभार, मला ऑफर मान्य आहे’ एवढे लिहून पाठवले की काम झाले, असे त्यांना वाटते.

कायद्याच्या नजरेत या दोन ओळींना वजन आहे. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्यानुसार प्रस्ताव आणि त्याला मिळालेला होकार यांतून करार उभा राहतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातले १०अ हे कलम सांगते की, करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो अवैध ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत अॅल्युमिनियम या खटल्यात हाच मुद्दा ठसवला. व्यवहार बॉक्साइटच्या खरेदीचा होता आणि बोलणी ईमेलवर झाली होती. अटी एकदा पक्क्या झाल्या की रीतसर कागद नंतर व्हायचा आहे म्हणून करार झालाच नाही असे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

करार कायद्याचे सातवे कलम नोकरी स्वीकारणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावे असे आहे. होकार पूर्ण आणि बिनशर्त असला पाहिजे, असे ते सांगते. ‘ऑफर मान्य आहे, पण पगार ठरल्याप्रमाणे दहा लाख करा’ हे वाक्य होकार ठरत नाही. तो नवा प्रस्ताव ठरतो आणि चेंडू पुन्हा कंपनीच्या कोर्टात जातो. उलट बाजूने, शंका मनात ठेवून नुसता ‘मान्य’ कळवला तर पत्रात छापलेल्या अटी जशाच्या तशा मान्य केल्या असा अर्थ होतो. म्हणून शंका आणि होकार एकाच मेलमध्ये लिहू नयेत. आधी शंकांचा मेल पाठवावा, उत्तर घ्यावे आणि मगच होकाराचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, नाशिकच्या एका तरुणीला पुण्यातल्या कंपनीकडून वर्षाला ९ लाख ६० हजार रुपयांची ऑफर आली. फोनवर एचआरने सांगितले, ‘नऊ साठचे पॅकेज आहे, एक मार्चला रुजू व्हा, आठवड्यातून दोनच दिवस ऑफिसला यावे लागेल, नोटीसचे बघून घेऊ.’ तिने मनातल्या मनात बाराने भागले आणि महिना ८० हजार धरले.

आता पत्राला जोडलेला पगाराचा तक्ता पाहू. ९ लाख ६० हजार ही सीटीसी, म्हणजे कंपनी तिच्यावर वर्षाला करणार असलेला सगळा खर्च. त्यातले ९६ हजार ‘व्हेरिएबल’ आहेत. ते कामगिरीवर अवलंबून, वर्षअखेरीस मिळाले तर मिळाले. कंपनीच्या वाट्याचा पीएफ महिना १,८०० म्हणजे वर्षाला २१,६०० रुपये. मूळ पगार ३६ हजार असल्याने ग्रॅच्युइटीपोटी सुमारे २०,८०० रुपये धरलेले आहेत, जे कायम कर्मचाऱ्याला साधारणपणे सलग पाच वर्षे नोकरी झाल्यावर हाती येतात. आरोग्यविम्याचा हप्ता १२ हजार. हे सगळे वजा जाता महिन्याला साधारण ६७,४७० रुपये उरतात. त्यातून तिच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० रुपये कापला जाणार. नव्या करपद्धतीत एवढ्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही, असे धरले तरी बँक खात्यात पडतील ते सुमारे साडेपासष्ट हजार.

यात कंपनीने काही लपवलेले नाही. तक्ता पत्राच्या मागच्या पानावर होता आणि फोनवरचा आकडाही खराच होता. फरक फक्त दोघे वेगवेगळ्या आकड्यांबद्दल बोलत होते एवढाच. त्यामुळे मेलमध्ये ‘पगार ९.६ लाख’ एवढेच लिहून भागत नाही. निश्चित रक्कम किती, व्हेरिएबल किती आणि पहिल्या वर्षी ते कशावर ठरणार, हे तीन तुकडे वेगळे लिहावे लागतात.

तारखेचे गणित याहून नाजूक. तिच्या सध्याच्या कंपनीचा नोटीस पिरियड ६० दिवसांचा. ५ जानेवारीला राजीनामा दिला तर साठावा दिवस ६ मार्चला येतो. पत्रात मात्र रुजू होण्याची तारीख १ मार्च आहे, आणि त्या दिवशी हजर न झाल्यास ऑफर रद्द समजावी अशी ओळही खाली आहे. ‘नोटीसचे बघून घेऊ’ या आश्वासनाचा पत्रात मागमूस नाही. उरलेले दिवस पैसे भरून मोकळे करून घ्यायचे, ज्याला बायआउट म्हणतात, तर ते पैसे कोण भरणार? जुनी कंपनी त्याला तयार होईल का? शिवाय रुजू होताना रिलिव्हिंग लेटर मागणार असतील, तर ते शेवटच्या दिवसाच्या आधी मिळणारच नाही. यावर सोपा तोडगा म्हणजे तारीखच बदलून मागणे.

म्हणून तिचा पहिला मेल असा जावा: ‘ऑफरबद्दल आभार. पत्र वाचले. होकार कळवण्यापूर्वी चार बाबी स्पष्ट करून घ्यायच्या आहेत. एक, ९६,००० रुपयांचे व्हेरिएबल पहिल्या वर्षी कोणत्या निकषांवर आणि कोणत्या महिन्यात दिले जाईल? दोन, माझा नोटीस पिरियड ६ मार्चला संपतो. रुजू होण्याची तारीख ९ मार्च करता येईल का? तीन, दूरध्वनीवर ठरल्याप्रमाणे आठवड्यातून दोन दिवस ऑफिसमध्ये येण्याची अट पत्रात नमूद करावी. चार, प्रोबेशनच्या काळात नोटीस किती दिवसांची आहे? ऑफरची मुदत शुक्रवारपर्यंत आहे, त्याआधी उत्तर मिळाल्यास बरे होईल.’ या मेलमध्ये ‘मान्य’ हा शब्द कुठेही नाही. मुदतीचा उल्लेख मात्र मुद्दाम आहे, कारण मुदत संपली की प्रस्तावही संपतो. उत्तर यायला उशीर होणार असेल तर मुदतवाढही लेखी मागावी.

उत्तर आल्यावर त्यातली भाषा तपासावी. ‘तारीख ९ मार्च केली आहे, सुधारित पत्र सोबत जोडले आहे’ हे उत्तर पक्के. ‘कंपनीच्या धोरणानुसार पाहू’, ‘विचार केला जाईल’, ‘सहसा असेच असते’ ही उत्तरे पक्की नाहीत. त्यांच्या भरवशावर घर बदलायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. दोन दिवस ऑफिसची अट बहुतेक कंपन्या पत्रात घालायला राजी नसतात, कारण ते धोरण त्यांना बदलते ठेवायचे असते. तसे असेल तर नाशिकहून ये-जा करायचा बेत आखणाऱ्या या तरुणीने रोज पुण्यात हजर राहावे लागेल असे धरूनच हिशेब मांडावा.

मेलवरचे आश्वासन पत्रात उतरवून घेण्याचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. रुजू झाल्यावर सहीसाठी येणाऱ्या नियुक्तीपत्रात बहुधा शेवटच्या पानावर एक कलम असते: यापूर्वीची सर्व तोंडी व लेखी बोलणी रद्द समजावीत, हाच संपूर्ण करार. त्यावर सही झाली की आधीच्या मेलमधल्या आश्वासनाचा आधार ढिला होतो. पत्रातल्या बॉण्डकडेही असेच डोळे उघडे ठेवून पाहावे. विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये वैध ठरवली.

सुधारित पत्र आले की होकाराचा मेल. तो त्याच मेलमालिकेत, ‘सर्वांना उत्तर’ देऊन पाठवावा. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि आपले नाव असावे. मजकूर इंग्रजीत असो वा मराठीत, मांडणी साधी असावी: ‘१० डिसेंबरच्या सुधारित पत्रानुसार वरिष्ठ विश्लेषक या पदाची ऑफर मी स्वीकारत आहे. माझ्या समजुतीनुसार ठरलेल्या अटी अशा: वार्षिक सीटीसी ९,६०,००० रुपये, त्यापैकी व्हेरिएबल ९६,००० रुपये, रुजू होण्याची तारीख ९ मार्च, कामाचे ठिकाण पुणे, प्रोबेशन सहा महिने, त्या काळात नोटीस ३० दिवस. सही केलेली प्रत सोबत जोडली आहे. मिळाल्याचे कळवावे, म्हणजे मला सध्याच्या कंपनीत राजीनामा देता येईल.’ यात नवी मागणी एकही नाही. पत्रात जे आहे तेच पुन्हा लिहिले आहे, त्यामुळे होकार बिनशर्त राहतो. आकड्यात गफलत असेल तर ती याच टप्प्यावर समोर येते, आणि शेवटच्या वाक्यामुळे आपल्या शब्दावर विसंबून ती राजीनामा देणार आहे याची नोंद कंपनीकडे राहते.

या मेलच्याही मर्यादा आहेत. बहुतेक ऑफर पार्श्वभूमी तपासणीच्या अधीन असतात. जुन्या नोकरीच्या तारखा जुळल्या नाहीत, तर होकारानंतरही ऑफर मागे घेता येते. कंपनीने कारण नसताना शब्द फिरवला तरी खासगी कंपनीला अमुक माणसाला नोकरीवर ठेवाच असा आदेश न्यायालये सहसा देत नाहीत. फार तर भरपाईचा प्रश्न उभा राहतो, आणि तिथे पुरावा म्हणून हीच मेलमालिका उपयोगी पडते.

म्हणून दोन गोष्टी पाळाव्यात. ही सगळी देवाणघेवाण स्वतःच्या खासगी मेलवरून करावी, कारण जुन्या कंपनीचा मेल शेवटच्या दिवशी बंद होतो. आणि होकार पोहोचल्याचे उत्तर नव्या कंपनीकडून लेखी आल्याशिवाय राजीनामा देऊ नये, मग फोनवर कोणी कितीही घाई करो.