सत्तर मिनिटांतली तीस कुठे गेली?

सीएनसी लेथवर जॉब बदलायला सेटर 40 मिनिटं सांगतो, लागतात 70. का, ते दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. म्हणून पाळी सुटताना खिशातल्या डायरीत अंदाज, लागलेला वेळ आणि कारण लिहावं. अंदाज मात्र काम सुरू करण्याआधीच टिपलेला हवा, नाहीतर तो नंतर आपोआप वाढतो! ‘उशीर झाला’ हे काही कारण नव्हे. ‘सॉफ्ट जॉ शोधण्यात 10, पहिला नग तपासून मिळेपर्यंत 20’ असं लिहिलं की कळतं, सेटिंग 40 मिनिटांतच झालं होतं. मग हात भरभर चालवून काय उपयोग? जॉ आधीच्या जॉबवर मशीन चालू असतानाच काढून ठेवायचे आणि तपासनिसाला आगाऊ सांगून ठेवायचं. अर्थात एका नोंदीवरून हे ठरवू नये; तपासनीस त्या दिवशी रजेवरही असेल.