शिफ्टआधीची तपासणी: आधी व्हीपीएन नको, आधी पिंग

घरून कस्टमर सपोर्टचे कॉल घेणाऱ्यांनो, क्यू उघडण्याच्या वीस मिनिटं आधी लॅपटॉप उघडा आणि व्हीपीएन लगेच जोडू नका. एकदा तो जोडला की दोष घरच्या नेटचा की ऑफिसच्या वाटेचा, हे ओळखणं अवघड होतं.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर आधी हे चालवा:

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिला पत्ता राउटरचा. तुमचा वेगळा असेल तर `ipconfig` मध्ये Default Gateway समोर दिसेल. समजा, राउटरकडून उत्तर कधी ३, कधी १८० मिलिसेकंदांत येतंय. मग दोष बहुधा घरातल्या वाय-फायचा आहे. केबल लावा. राउटर ठीक, पण बाहेरच्या इंटरनेटवरच्या 8.8.8.8 ची पाकिटं हरवतायत? मग बहुधा लाइनचाच दोष. मोबाइल हॉटस्पॉट सुरू करा आणि टीम लीडला आत्ताच कळवा. स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्यावर मी तरी विसंबत नाही. कॉलला वेग थोडाच लागतो, तो सलग मात्र लागतो.

आता व्हीपीएन. ऑथेंटिकेटरचा कोड वारंवार नाकारला जात असेल, तर पासवर्ड बदलण्याआधी मोबाइलचं घड्याळ बघा. हा कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण ३० सेकंदांनी बदलतो. वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा.

शेवटी प्लॅटफॉर्मवर लॉगिन. स्टेटस ‘नॉट रेडी’च ठेवा, ब्राउझरला माइकची परवानगी द्या, टेस्ट कॉल करा. स्वतःचा आवाज स्वच्छ ऐकू आला, की मगच ‘अव्हेलेबल’ दाबा.