पगाराची बेरीज होते, तासांची नाही

तोक्योच्या पूर्व टोकाला निशिकासाई नावाचा भाग आहे. तिथे आयटीतल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि त्यांत मराठी घरंही आहेत. नवऱ्याला नोकरीचा व्हिसा आणि बायकोला कुटुंबीयाचा, अशी अनेक घरांची रचना असते. बायकोला काम करायचं असेल तर इमिग्रेशनची परवानगी काढावी लागते आणि त्या परवानगीत आठवड्याला 28 तासांची मर्यादा असते. ही मर्यादा सगळ्या नोकऱ्या मिळून असते. दोन ठिकाणी काम केलं तरी तासांची बेरीज 28 च्या वर जाता कामा नये.

आता समजा, तिने एका दुकानात 14 तास आणि एका पाळणाघरात 14 तास काम धरलं. दोन्हीकडे ताशी 1,250 येन मिळतात. वर्षाचे 18 लाख 20 हजार येन झाले. दोन नोकऱ्या म्हणजे दोन मालक, दोघांनीही वर्गणी भरली तर म्हातारपणी पेन्शनही तेवढंच वाढेल, असा तिचा हिशेब असतो. प्रत्यक्षात एकही मालक एक येनही भरत नाही. असं का होतं ते कळायला जपानच्या पेन्शनची मांडणी थोडी बघावी लागते.

तिथे पेन्शन दुमजली आहे. खालचा मजला कोकुमिन नेन्किन, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन. 20 ते 60 वयाच्या प्रत्येक रहिवाशाला ते लागू असतं. वरचा मजला कोसेई नेन्किन, म्हणजे नोकरदारांचं पेन्शन. त्याची वर्गणी पगाराच्या 18.3 टक्के असते. निम्मी कामगाराच्या पगारातून कापतात, निम्मी मालक स्वतःच्या खिशातून घालतो. या वर्गणीत खालच्या मजल्याचीही वर्गणी आलेली असते, वेगळं काही भरावं लागत नाही.

दोन नोकऱ्यांचं जोडकाम वरच्या मजल्यावर होतं, आणि ते फार व्यवस्थित होतं. एखाद्याला एका कंपनीत महिना 2 लाख येन मिळतात आणि दुसऱ्या कंपनीत 1 लाख, आणि दोन्हीकडे तो कोसेई नेन्किनला पात्र आहे. अशा वेळी त्याने स्वतः 10 दिवसांच्या आत पेन्शन कार्यालयाला कळवायचं असतं आणि दोनपैकी कोणती कंपनी मुख्य धरायची ते सांगायचं असतं. आरोग्य विमाही त्या मुख्य कंपनीच्याच संस्थेकडे राहतो. मग कार्यालय दोन्ही पगार एकत्र करतं: 3 लाख. त्यावर 18.3 टक्के म्हणजे 54,900 येन. ही रक्कम पगाराच्या प्रमाणात वाटली जाते. पहिल्या नोकरीच्या वाट्याला 36,600 येतात, दुसरीच्या वाट्याला 18,300, आणि प्रत्येक वाट्यातले निम्मे मालकाचे, निम्मे कामगाराचे.

निवृत्तीनंतर याचं काय होतं? वरच्या मजल्याचं पेन्शन काढताना सरासरी पगार, वर्गणीचे महिने आणि हजारी 5.481 हा दर यांचा गुणाकार करतात. 3 लाखांवर वर्षभर वर्गणी भरली, तर पेन्शनमध्ये वर्षाला सुमारे 19,730 येनांची भर पडते. फक्त पहिली नोकरी असती तर ती 13,150 च्या आसपास राहिली असती. म्हणजे दुसऱ्या नोकरीचं एक वर्ष त्याला जन्मभर वर्षाला साधारण 6,580 येन देतं. कामाचे महिने मात्र दोनदा मोजत नाहीत. दोन नोकऱ्यांचा एक महिना हा एकच महिना राहतो, त्यामुळे खालच्या मजल्याच्या पेन्शनमध्ये काही फरक पडत नाही. दोन नोकऱ्यांमुळे सेवा लांबत नाही, फक्त पगार जाड होतो.

या व्यवस्थेत गोंधळ होतो तो कळवण्यातच. तो अर्ज कंपनीचा नसून कामगाराचा आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. दुसऱ्या कंपनीतही कापलं जातंय, म्हणजे सगळं ठीक, असं समजून लोक गप्प बसतात. ओळखायचं कसं? दोन्ही पगारपत्रकं शेजारी ठेवावीत. प्रत्येक कंपनी आपल्याच पगारावर, दुसरी नोकरी नसल्यासारखी वर्गणी कापत असेल, तर बेरीज झालेली नाही. उशिरा उघडकीस आलं तर मागचा हिशेब नव्याने करावा लागतो. शिवाय एका कंपनीने पगार वाढवला की वाटणी बदलते आणि दुसरीच्या पगारपत्रकावरचा आकडाही हलतो. त्यामुळे दुसरी नोकरी पहिल्या मालकापासून लपवायची असेल, तर ते इथे जमणार नाही. स्वतःच्याच वाट्याच्या रकमेवरून त्याला अंदाज येतो.

एवढी नेटकी बेरीज करणारी व्यवस्था निशिकासाईतल्या त्या बाईला मात्र उंबऱ्यावरच थांबवते. अर्धवेळ कामगाराला कोसेई नेन्किनमध्ये येण्यासाठी एका मालकाकडे आठवड्याला किमान 20 तास हवेत, आणि ती कंपनी 50 हून जास्त कामगारांची हवी. तास मोजताना प्रत्येक नोकरी सुटी बघतात. 14 आणि 14 मिळून 28 होतात हे इमिग्रेशन मानतं, पेन्शन कार्यालय मानत नाही.

तिचं नुकसान इथेच थांबत नाही. नवऱ्यावर अवलंबून असलेल्या जोडीदाराला खालच्या मजल्याची वर्गणी माफ असते, पण वार्षिक उत्पन्न 13 लाख येनांच्या आत असेल तरच. आणि हे उत्पन्न धरताना दोन्ही नोकऱ्यांचे पैसे एकत्र करतात! 18 लाख 20 हजारांमुळे ती सवलतीतून बाहेर पडते. मग तिला स्वतःच्या खिशातून महिन्याला 17,510 येन (2025-26 चा दर) भरावे लागतात आणि आरोग्य विम्याचं वेगळंच. त्या बदल्यात मिळतो फक्त खालचा मजला, जो सवलतीत असताना तिला फुकट मिळत होता.

हेच 28 तास तिने एका मोठ्या कंपनीत केले असते, तर महिन्याच्या सुमारे दीड लाख पगारावर 27,450 येन वर्गणी झाली असती आणि तिच्या पगारातून 13,725 गेले असते. म्हणजे आत्ताच्यापेक्षा कमी, आणि वर दोन्ही मजले तिच्या नावावर. काम तेवढंच, तास तेवढेच, मजुरी तेवढीच. फरक एवढाच की मालक एक आहे. दोन मालकांमध्ये विभागलेली मेहनत मालकांना वर्गणीतून सोडवते आणि तो बोजा कामगारावर टाकते. हे मला उघड अन्यायाचं वाटतं.

बरं, तास जोडणं प्रशासनाला अशक्य आहे असंही नाही. जपानच्याच बेकारी विम्यात जानेवारी 2022 पासून 65 वर्षांवरच्या कामगारांना दोन नोकऱ्यांचे तास एकत्र करून विमा घेता येतो. पेन्शनच्या 2025 च्या सुधारणा कायद्याने कंपनीच्या आकाराची अट 2035 पर्यंत टप्प्याटप्प्याने काढून टाकायचं ठरवलं आहे. 20 तासांची अट मात्र तशीच ठेवली, आणि तीही एका मालकाकडची.

इथे भारतीयांसाठी एक जोडगाठ आहे. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू झाला. पेन्शनची पात्रता ठरवताना दोन्ही देशांतला वर्गणीचा काळ एकत्र धरता येतो. जपानमध्ये 10 वर्षांची अट असल्याने चार-सहा वर्षं राहून परतणाऱ्याला याचा मोठा आधार आहे. पण परतताना वर्गणीची एकरकमी परतफेड घेतली, की तेवढा काळ पुसला जातो आणि जोडायला काही उरत नाही.

निशिकासाईतल्या त्या बाईच्या हातात आज एक गोष्ट आहे. दुकान मोठ्या साखळीचं असेल तर तिथले तास 14 वरून 20 करून घ्यायचे आणि पाळणाघर 8 तासांवर आणायचं. मग दुकानाच्या सुमारे 1 लाख 8 हजारांच्या पगारावर तिच्या वाट्याला महिना 10,065 येन वर्गणी येते, तेवढीच दुकान भरतं, आणि आरोग्य विमाही दुकानाकडून मिळतो. पाळणाघराचा पगार पेन्शनच्या हिशेबाबाहेर राहतो, पण 17,510 येनांची पावती बंद होते. हे बोलणं करार करताना करावं. वेळापत्रक ठरून गेल्यावर सहा तास मागून मिळणं कठीण असतं.