मुलाखत पुण्यात, उमेदवार नागपुरात

नोकरीच्या दोन फेऱ्या पार पडल्या, तीन उरल्या आणि मधल्या काळात उमेदवारानं गाव बदललं. भरतीचं काम करणाऱ्यांना हे नवीन नाही. कुणाच्या जोडीदाराची बदली होते, कुणाच्या घरी आजारपण येतं, कुणाचा भाडेकरार संपतो. एकेक कंपनी निवड करायला महिना-दीड महिना घेते, तोवर माणसाचं आयुष्य काही थांबून राहत नाही. मग एचआरच्या इनबॉक्समध्ये मेल येऊन पडतो : ‘काही वैयक्तिक कारणांमुळे मी दुसऱ्या शहरात आलो आहे. कृपया पुढील मुलाखती ऑनलाइन घ्याव्यात.’

दोन ओळींच्या या मेलमध्ये गैर काही नाही. अडचण आहे ती समोरचा तो कसा वाचतो, याची. लिहिणाऱ्याच्या डोक्यात प्रवास असतो, तर वाचणाऱ्याच्या डोक्यात थेट रुजू होण्याचा दिवस. मुलाखतीला यायला जमत नाही म्हणणारा माणूस रोज सकाळी कामाला कसा येणार? याला घरूनच काम हवंय का? की दुसरीकडे नोकरी लागली आणि हा नुसता पर्याय हाताशी ठेवतोय? मेलमध्ये यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नसल्यानं ती उत्तरं एचआर स्वतःच देऊन टाकते आणि ती सहसा उमेदवाराच्या बाजूनं नसतात.

एक उदाहरण घेऊ. चाकण एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे आणि त्याला क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. उमेदवार पुण्यातच राहत होता. लेखी चाचणी आणि पहिली तांत्रिक मुलाखत त्यानं कारखान्यात जाऊन दिली. त्यानंतर वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याला नागपूरला घरी जावं लागलं आणि पुण्यातली खोलीही सोडावी लागली. आता विभागप्रमुखाची तांत्रिक मुलाखत, कारखान्यातली प्रत्यक्ष कामाची फेरी आणि शेवटी प्लांट हेड व एचआर अशा तीन फेऱ्या बाकी आहेत.

आधी प्रवासाचा हिशेब पाहू. 10 ऑगस्ट 2025 रोजी अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. नागपूर-पुणे हे जवळपास नऊशे किलोमीटरचं अंतर तोडायला तिला सुमारे बारा तास लागतात. सकाळी अजनीहून निघालं की पुण्यात पोचेपर्यंत रात्र होते. दुसऱ्या दिवशी मुलाखत, तिसऱ्या दिवशी परत. म्हणजे तासाभराच्या एका फेरीपायी तीन दिवस जातात आणि तीन फेऱ्या वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवल्या तर नऊ दिवस. रात्रीच्या गाडीनं किंवा बसनं आलं तर दिवस वाचतात, पण रात्रभराच्या प्रवासानंतर तोंडावर पाणी मारून पॅनेलसमोर बसावं लागतं. विमानानं वेळ वाचतो; ऐनवेळी काढलेलं तिकीट मात्र खिशाला कात्री लावतं.

एवढं पाहिल्यावर ‘तिन्ही फेऱ्या व्हिडिओवर घ्या’ किंवा ‘तिन्ही एकाच दिवशी घ्या’ यांपैकी एक मागणी सुचते. दोन्ही मागण्या कंपनीला अडचणीच्या आहेत आणि त्यामागे कारणं आहेत.

फेऱ्यांची रचना चाळणीसारखी असते. विभागप्रमुखानं होकार दिला तरच उमेदवार प्लांट हेडपर्यंत जातो. सगळ्या फेऱ्या एका दिवसात कोंबल्या तर प्लांट हेडचा तास आधीच अडकवून ठेवावा लागतो आणि सकाळीच नकार ठरला तर तो वाया जातो. अशा वेळी ‘साहेब अचानक मीटिंगमध्ये अडकलेत’ असं सांगून उमेदवाराला दुपारीच वाटेला लावलं जातं. त्याचे तीन दिवस आणि तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

सगळं व्हिडिओवर उरकणंही तितकंसं सोपं नाही. क्वालिटीच्या प्रत्यक्ष फेरीत उमेदवाराच्या हातात एक घडवलेला भाग, त्याचं ड्रॉइंग आणि व्हर्निअर कॅलिपर देतात. ‘यातलं कुठलं माप आधी घ्याल?’ असं विचारतात. तो ड्रॉइंगवर टॉलरन्स शोधतो का, मोजण्याआधी कॅलिपरचे जबडे मिटवून शून्य तपासतो का, भागाच्या कडेची बर बोटानं चाचपतो का, हे परीक्षक गप्प बसून पाहत असतो. पडद्यावर हे दिसणार नाही. शिवाय पडद्यापलीकडून कुणीतरी उत्तरं पुरवण्याचे, इतकंच काय, उमेदवाराच्या जागी भलतंच कुणी बसण्याचे प्रकार घडल्यानं बऱ्याच कंपन्या निदान एक फेरी समोरासमोर घेतल्याशिवाय नेमणूक करत नाहीत. निदान एक फेरी प्रत्यक्ष घेण्याबद्दल गूगलचे सुंदर पिचाईही 2025 मध्ये बोलले होते.

व्हिडिओची किंमत उमेदवारालाही मोजावी लागते, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित संशोधकांचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्हिडिओवरून मुलाखत दिलेल्या उमेदवारांना समोरासमोर मुलाखत दिलेल्यांपेक्षा कमी गुण पडले आणि त्यांची शिफारसही कमी झाली. उमेदवारांनाही पडद्यावरचे मुलाखतकार कमी सक्षम आणि कमी मोकळे वाटले. अशा अनेक अभ्यासांचा 2016 मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, त्याचाही कल साधारण हाच निघाला.

एक कारण आवाजाच्या उशिरात असावं. साध्या गप्पांत एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास वेळ जातो, असं दहा भाषांच्या अभ्यासात 2009 साली दिसलं. व्हिडिओ कॉलवर आवाज पोचायलाच तेवढा वेळ लागला तर दोघं एकदमच बोलू लागतात, किंवा चटकन दिलेलं उत्तरही समोरच्याला अडखळत दिल्यासारखं वाटतं. सरावलेले उमेदवार म्हणूनच प्रश्न संपल्यावर क्षणभर थांबून बोलतात आणि बोलताना पडद्यावरच्या चेहऱ्याऐवजी कॅमेऱ्याकडे पाहतात.

मग मार्ग काय? ज्या फेरीत नकार मिळण्याची शक्यता जास्त आणि जिला जागेची गरज नाही, ती आधी व्हिडिओवर. ज्यांना कारखाना किंवा समोरासमोरची भेट लागते, त्या नंतर एकाच खेपेत. आपल्या उदाहरणात विभागप्रमुखाची मुलाखत व्हिडिओवर घ्यायची. तिथं होकार मिळाला तरच तिकीट काढायचं आणि प्रत्यक्ष कामाची फेरी, प्लांट हेड आणि एचआर हे तिन्ही एका दिवसात उरकायचं. यात प्लांट हेडचा तास वाया जात नाही आणि उमेदवाराचा प्रवासही.

असा प्रस्ताव मांडणारा मेल साधारण असा होतो :

‘नमस्कार मॅडम. दुसरी फेरी झाल्यानंतर वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी मी नागपूरला आलो आहे. या पदासाठी चाकणला रुजू होण्याची माझी तयारी कायम आहे. निवड झाल्यास नोटीस पिरियड संपताच पुण्यात राहायला येईन. उरलेल्या फेऱ्यांपैकी विभागप्रमुखांची मुलाखत व्हिडिओवर होऊ शकेल का? येत्या बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी चारनंतर मी मोकळा आहे. त्यात पुढे गेलो तर प्रत्यक्ष फेरी आणि शेवटची भेट एकाच दिवशी ठेवता येईल का? त्यानंतरच्या आठवड्यात गुरुवार किंवा शुक्रवारी मी पूर्ण दिवस चाकणला येऊ शकतो. हे शक्य नसेल तर आपण द्याल त्या तारखांचा विचार करीन. प्रवासखर्चाबाबत कंपनीचा काही नियम असल्यास कळवावा.’

कारण एका वाक्यात आलं आहे. आजारपणाचा पाढा वाचलेला नाही. रुजू होण्याचा प्रश्न कुणी विचारण्याआधीच निकालात काढला आहे. तारखा दोन-दोन दिल्या आहेत, कारण ‘तुमच्या सोयीनं कधीही’ असं लिहिलं की कॅलेंडर जुळवण्याचं सगळं ओझं एचआरवर पडतं आणि मेल मागे राहतो. हा मेल पुढच्या फेरीची तारीख ठरण्याआधी गेलेला बरा. तारीख ठरून गेली असेल तर आधी फोन करावा आणि मग जुन्याच मेलला उत्तर म्हणून हे लिहून पाठवावं, म्हणजे आधीचा सगळा पत्रव्यवहार पॅनेलच्या हाताशी राहतो.

एक जागा मात्र नाजूक आहे. परत येण्याचा इरादा नसेल तर तो लपवून उपयोग नाही. उमेदवार कायमचा नागपूरकर झाला असेल आणि कंपनीचं तिथंही ऑफिस असेल तर तिथं नेमणूक होईल का, हे याच टप्प्यावर विचारावं. ऑफर लेटरवर कामाचं ठिकाण छापून आल्यानंतर हा विषय काढला तर दोन्हीकडची मेहनत वाया जाते. रेझ्युमेवरचा पत्ताही लगेच बदलावा. निवडीनंतर पार्श्वभूमी तपासणाऱ्या एजन्सी पत्त्याची खातरजमा करतात आणि अर्जातला पत्ता एक, राहतं घर दुसरीकडे असं निघालं की नाहक खुलासे द्यावे लागतात.

सरकारी निवडीत मात्र ही मोकळीक जवळपास नसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवांची 275 गुणांची व्यक्तिमत्त्व चाचणी दिल्लीत धोलपूर हाऊसमध्येच होते. 2020 मध्ये टाळेबंदीमुळे रेल्वे पुरेशा धावत नव्हत्या, तेव्हाही आयोगानं ती व्हिडिओवर नेली नाही. जुलैमध्ये उरलेल्या उमेदवारांना बोलावलं आणि त्यांच्या विमानभाड्याची भरपाई देऊ केली. तिथं सगळ्यांना एकाच मापानं मोजणं हा मुख्य मुद्दा असतो.

तोच मुद्दा खासगी कंपनीलाही सुटत नाही. एका पदासाठी तिघांची निवड चालू असेल आणि दोघं समोर, एक पडद्यावर असेल, तर तुलना डळमळते. जाणकार एचआर अशा वेळी तिघांचीही ती फेरी व्हिडिओवर ठेवते. तेही जमलं नाही तर पॅनेलला ठरलेले प्रश्न आणि गुणांचा तक्ता आधीच देते आणि प्रत्येकानं आपले गुण चर्चेआधीच लिहून ठेवावेत, असं बजावते. एका दिवसात सलग फेऱ्या झाल्या तर ही काळजी आणखीच लागते, कारण सकाळच्या परीक्षकाचं ‘पोरगा चांगला आहे’ हे जेवणाच्या टेबलावर निघालेलं वाक्य दुपारच्या परीक्षकाचं मत आधीच बनवून टाकतं.

उत्तर नकाराचं आलं तर उमेदवाराच्या हाती अजून एक प्रश्न उरतो : उरलेल्यांपैकी कुठल्या फेरीला प्रत्यक्ष हजर राहणं बंधनकारक आहे? अनेकदा त्याचं उत्तर ‘एक’ असं निघतं. दोन-तीन कामाच्या दिवसांत काहीच कळलं नाही तर एक फोन करावा. लेखी वेळ हातात आल्याशिवाय तिकीट काढू नये आणि काढलंच तर रद्द करता येणारं काढावं.